विश्लेषण : ‘सर्व प्रलंबित अर्ज निकाली’, तरी शंभर शिल्लक कसे?

कार्यालयातील संगणकावर रात्री एक छोटा प्रोग्राम चालतो. प्रलंबित अर्जांची यादी मुख्य यंत्रणेकडून मागवायची, एकेक अर्ज तपासायचा आणि मंजूर करायचा, एवढेच त्याचे काम. सकाळी अहवालात ‘काम पूर्ण, त्रुटी शून्य’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात मात्र शंभर अर्ज जागचे हललेले नसतात. संगणक बंद पडला नाही, इंटरनेट तुटले नाही, कोणी खोडसाळपणाही केला नाही. मग अर्ज सुटले कसे?

यादी पानापानाने का मिळते?

दोन संगणक यंत्रणा एकमेकींशी ज्या खिडकीतून बोलतात तिला एपीआय म्हणतात. हजारो नोंदी एकाच वेळी मागितल्या तर सर्व्हरवर ताण येतो, म्हणून बहुतेक एपीआय एका वेळी एकच पान देतात. प्रोग्रामर मंडळींच्या रोजच्या वापरातील ‘गिटहब’चे उदाहरण घेता येईल. तिथे एखाद्या प्रकल्पातील न सुटलेल्या तक्रारींची यादी मागितली आणि दुसरे काही सांगितले नाही, तर फक्त ३० नोंदी येतात. `per_page` लिहून संख्या वाढवता येते, पण ती जास्तीत जास्त १००. उरलेल्या नोंदींसाठी दुसरे, तिसरे पान मागावे लागते.

पहिला घोळ इथेच होतो. उत्तर व्यवस्थित आलेले असते, त्यात त्रुटीची सूचना नसते; त्यामुळे ३० नोंदी म्हणजेच संपूर्ण यादी असा समज होतो. चाचणीच्या वेळी बारा-पंधराच नोंदी असल्या तर ही चूक उघडही होत नाही. ती तुलनेने सोपी म्हणायची, कारण नेमक्या ३० किंवा १०० नोंदी दिसल्या की अनुभवी माणसाला शंका येते. त्यापुढची चूक जास्त फसवी आहे.

मग शंभर अर्ज गेले कुठे?

समजा, २५० अर्ज प्रलंबित आहेत. त्यांचे क्रमांक १ ते २५०, जुना अर्ज आधी, एका पानावर १००. प्रोग्राम पहिले पान मागतो, १ ते १०० क्रमांकाचे अर्ज मंजूर करतो आणि मग पुढचे पान मागतो :

```
GET /applications?status=pending&per_page=100&page=2
```

‘दुसरे पान’ याचा एपीआयच्या लेखी अर्थ ‘आत्ता प्रलंबित असलेल्यांतील पहिले १०० सोडून पुढचे’ असा आहे. पण पहिले १०० अर्ज मंजूर झाल्याने ते प्रलंबित यादीतून बाहेर पडले आहेत. यादीत आता १०१ ते २५० एवढेच अर्ज आहेत आणि त्यांतील पहिले १०० म्हणजे १०१ ते २००. एपीआय तेवढे वगळतो आणि २०१ ते २५० हे ५० अर्ज पाठवतो. प्रोग्राम तेही मंजूर करतो आणि तिसरे पान मागतो. यादीत आता १०० अर्ज उरले आहेत. त्यांतील पहिले २०० सोडून पुढचे द्या, असे सांगितल्यावर रिकामे पान येते. रिकामे पान म्हणजे काम संपले, असे गृहीत धरून प्रोग्राम थांबतो. १०१ ते २०० हे अर्ज कोणी पाहिलेच नाहीत.

बँकेतील रांगेचेच हे गणित आहे. पहिल्या दहा जणांचे काम झाले, ते निघून गेले, रांग पुढे सरकली. आता खिडकीवरून ‘अकराव्या जागेवरचा या’ अशी हाक आली, तर मूळचा एकविसावा माणूस पुढे येईल आणि मधले दहा जण ताटकळत राहतील.

चूक लगेच का लक्षात येत नाही?

प्रलंबित अर्ज शंभरहून कमी असतात त्या दिवशी सगळे काम पहिल्याच पानावर आटोपते. गर्दीच्या दिवशी सुटलेले अर्ज दुसऱ्या रात्री यादीच्या सुरुवातीला येतात आणि मार्गी लागतात. अर्जदाराला एक दिवस उशीर होतो, एवढेच. कोणी तक्रार केलीच तर ‘यंत्रणा संथ होती’ या उत्तरावर विषय मिटतो. खरा फटका बसतो तो मुदतीच्या शेवटच्या रात्री. त्या दिवशी अर्जांची संख्या सर्वाधिक असते आणि दुसरी फेरी होणार नसते. ४०० अर्ज असतील तर याच हिशेबाने २०० सुटतात. म्हणजे गर्दी जितकी जास्त, तितके नुकसान मोठे.

उपाय काय?

पहिला उपाय सहज सुचतो : दुसरे पान मागायचेच नाही, रिकामे येईपर्यंत दर वेळी पहिलेच पान मागायचे. काम झालेले अर्ज बाहेर पडतात, नवे पुढे सरकतात. पण कागदपत्र अपुरे असल्याने जो अर्ज मंजूर होऊच शकत नाही, तो पहिल्या पानावर ठाण मांडून बसतो. असे १०० अर्ज साचले की प्रोग्राम तेच ते अर्ज पुन्हा पुन्हा तपासत राहतो, पुढच्यांची पाळी येतच नाही. म्हणून अडलेल्या अर्जांची स्थिती बदलून त्यांना वेगळ्या यादीत टाकण्याची सोय असेल तरच ही पद्धत चालते.

दुसरा उपाय म्हणजे आधी सगळी पाने वाचून केवळ अर्ज क्रमांक टिपून घ्यायचे आणि नंतर कामाला लागायचे. हा बराच सुरक्षित आहे, पण पाने वाचत असतानाही यादी हलू शकते. नवा अर्ज वर दिसणाऱ्या यादीत मधल्या वेळेत पाच अर्ज आले, तर पहिल्या पानाच्या तळाचे पाच अर्ज दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतात. परतावा देण्याचे काम असेल तर एकाच माणसाला दोनदा पैसे जातील. त्यामुळे टिपलेल्या क्रमांकांतील पुनरावृत्ती काढून टाकावी लागते.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पानाचा क्रमांक विसरून शेवटच्या पाहिलेल्या अर्जाचा क्रमांक लक्षात ठेवणे. एपीआयमध्ये सोय असेल तर मागणी अशी होते :

```
GET /applications?status=pending&sort=id&after_id=100&per_page=100
```

‘१०० क्रमांकाच्या अर्जानंतरचे द्या’ असे म्हटल्यावर आधीचे यादीत आहेत की नाहीत, याने फरक पडत नाही. अडलेला अर्जही मागे राहतो, वाट अडवत नाही. क्रमवारी मात्र कधीही न बदलणाऱ्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या क्रमांकावर हवी. ‘शेवटचा बदल केव्हा झाला’ या वेळेवर लावली तर अर्जाला हात लागताच त्याची जागा बदलते आणि सगळा घोळ परत सुरू होतो.

यादी संपली हे कसे ओळखायचे?

‘पानावर १०० पेक्षा कमी नोंदी आल्या, म्हणजे हे शेवटचे पान’ हा अंदाज प्रोग्रामरांमध्ये लोकप्रिय आहे, पण तो चुकू शकतो. गिटहबच्या तक्रारींच्या यादीत कोडमधील बदलांचे प्रस्ताव, म्हणजे पुल रिक्वेस्टही मिसळलेल्या असतात. त्या गाळल्यावर १०० पैकी ६० तक्रारी उरल्या आणि तेवढ्यावरून प्रोग्राम थांबला, तर पुढची पाने वाचलीच जात नाहीत. यादी कुठे संपते ते एपीआयकडूनच समजून घ्यावे. गिटहब उत्तरासोबत `Link` या नावाने पुढच्या पानाचा पत्ता देते. त्यात `rel="next"` दिसते तोवर पुढे पान आहे.

सकाळच्या अहवालात काय असावे, याचेही उत्तर त्यातून मिळते. ‘त्रुटी शून्य’ एवढ्याने काही कळत नाही. काम सुरू होताना किती अर्ज प्रलंबित होते, किती मंजूर झाले, किती अडले आणि काम संपल्यावर पुन्हा विचारले तेव्हा किती उरले, हे चार आकडे हवेत. वरच्या उदाहरणात ते २५०, १५०, ० आणि १०० असे दिसले असते. एकही अर्ज अडलेला नसताना १०० शिल्लक, हे कारकुनाच्याही पहिल्या नजरेत आले असते.