वारसाचे शेअर, खरेदी मात्र वडिलांची

वडिलांचे शेअर किंवा म्युच्युअल फंडाची युनिट्स वारसाच्या नावावर आली, तेवढ्यावर कर लागत नाही. तो लागतो विक्रीच्या वेळी. तेव्हा वडिलांनी मोजलेली किंमत हीच वारसाची खरेदी किंमत मानतात आणि मुदतही वडिलांच्या खरेदीपासून मोजतात. मृत्यूच्या किंवा नाव बदलल्याच्या दिवशीचा भाव इथे धरत नाहीत.

समजा, वडिलांनी 2009 मध्ये एका सूचीबद्ध कंपनीचे 200 शेअर 150 रुपयांनी घेतले. 31 जानेवारी 2018 रोजी त्यांचा बाजारातला सर्वोच्च भाव 600 होता. मुलीच्या नावावर ते 2025 मध्ये आले आणि दोनच महिन्यांत तिने 1,400 रुपयांनी विकले. तरी नफा दीर्घकालीनच. खरेदी 1 फेब्रुवारी 2018 पूर्वीची असल्याने 150 ऐवजी 600 धरता येतात. नफा 1,60,000 रुपये. वर्षात असा दुसरा नफा नसेल, तर 1,25,000 वगळून उरलेल्या 35,000 वर 12.5 टक्के, म्हणजे 4,375 रुपये कर. त्यावर उपकर वेगळा.

ब्रोकरच्या अहवालात अशा शेअरची खरेदी किंमत अनेकदा शून्य किंवा नावावर आल्याच्या दिवसाची दिसते. ती तशीच विवरणपत्रात उतरवू नका. वडिलांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, जुनी डीमॅट विवरणे, बँक पासबुक शोधा. फंडासाठी रजिस्ट्रारकडून जुन्या फोलिओचे पहिल्यापासूनचे विवरण मागवा. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि किंमत वेगळी धरावी लागते.