अर्धवट शब्दांचा हिशेब

चौकटींच्या वहीत एका ओळीत सहा अक्षरं लिहा: क, म, क, ल, म, ल. आता डावीकडून उजवीकडे जात हवी ती अक्षरं उचलायची आणि नको ती गाळायची. क्रम मात्र मोडायचा नाही. असं करून ‘कमल’ हा शब्द किती रीतींनी मिळेल?

पेन्सिलीने गोल करत बसलं तर दोन मिनिटांत उत्तर हाती येतं: चार. पहिला क, पहिला म आणि दोनपैकी कुठलाही ल, या झाल्या दोन रीती. पहिला क, दुसरा म, शेवटचा ल ही तिसरी. दुसरा क, दुसरा म, शेवटचा ल ही चौथी. शब्द चारही वेळा तोच आहे, पण तो कुठल्या जागांवरून उचलला ते दर वेळी वेगळं आहे, आणि आपल्याला जागांच्या निवडी मोजायच्या आहेत. अशा गाळून उरलेल्या क्रमाला संगणकवाले ‘सबसिक्वेन्स’ म्हणतात.

सहा अक्षरांपर्यंत पेन्सिल पुरते. २००९ साली गूगलच्या ‘कोड जॅम’ या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या पात्रता फेरीत हेच कोडं मोठ्या मापात आलं होतं. शोधायचं वाक्य होतं `welcome to code jam`, म्हणजे मधल्या तीन मोकळ्या जागा धरून १९ चिन्हं. ज्या मजकुरात ते शोधायचं, तो ५०० चिन्हांपर्यंत लांब असू शकत होता. पाचशे जागांमधून एकोणीस जागा निवडायच्या सगळ्या शक्यता लिहायला बसलात, तर त्यांची संख्या एकावर चौतीस शून्यं एवढी भरते. सेकंदाला अब्ज निवडी तपासणारं यंत्र आणलं तरी ते आपल्या पतवंडांच्या हयातीतही पुरं करणार नाही. तरीही या कोड्याचं उत्तर साध्या लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं, कारण निवडी एकेक करून मोजायची गरजच नसते.

ते कसं, हे पाहण्यासाठी ‘कमल’कडेच परत जाऊ. ओळ वाचताना पूर्ण झालेल्या शब्दांकडे बघायचंच नाही. लक्ष ठेवायचं ते अर्धवट शब्दांवर: आतापर्यंत ‘क’पर्यंत किती पोचले, ‘कम’पर्यंत किती आणि ‘कमल’पर्यंत किती. वहीत फक्त हे तीन आकडे.

झेरॉक्सच्या दुकानात उभे आहात असं समजा. टेबलावर एक कोरा कागद कायम पडलेला आहे. समोरून ‘क’ आला की कोऱ्या कागदाची एक प्रत काढायची, तिच्यावर ‘क’ लिहायचा आणि ती ‘क’च्या गठ्ठ्यात टाकायची. ‘म’ आला की ‘क’च्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढायची, तिच्यावर ‘म’ जोडायचा आणि ती ‘कम’च्या गठ्ठ्यात ठेवायची. मूळ कागद मात्र आपल्या गठ्ठ्यातच राहतात. हे नीट लक्षात घ्यायला हवं. समोर आलेला ‘म’ घेण्याचं बंधन कुणावरच नाही. पुढच्या ‘म’ची वाट पाहत थांबलेला ‘क’ हीसुद्धा एक जिवंत शक्यता आहे. प्रत म्हणजे ‘घेतला’, मूळ म्हणजे ‘गाळला’. दोन्ही शक्यता एकाच वेळी जपल्या जातात.

आता सहा अक्षरं चालवून पाहू. पहिला ‘क’ येतो आणि ‘क’चा गठ्ठा एक होतो. मग ‘म’ येतो, ‘क’मधल्या एका कागदाची प्रत निघते आणि ‘कम’ एक होतो. दुसऱ्या ‘क’ला कोऱ्या कागदाची आणखी एक प्रत निघून ‘क’ दोन होतात. मग ‘ल’ येतो आणि ‘कम’मधल्या एकाची प्रत ‘कमल’मध्ये पडते. दुसऱ्या ‘म’पाशी ‘क’मधल्या दोघांच्या प्रती निघतात, त्यामुळे ‘कम’ एकाचे तीन होतात. शेवटच्या ‘ल’ला या तिघांच्या प्रती ‘कमल’मध्ये जातात: आधीचा एक अधिक तीन, बरोबर चार. एकही गोल न करता उत्तर जुळलं.

सारी पद्धत एवढीच. अक्षर जुळलं तर ‘नवा गठ्ठा = जुना गठ्ठा + आधीच्या पायरीचा गठ्ठा’, नाही जुळलं तर गठ्ठा होता तसाच. मोठ्या प्रश्नाचं उत्तर छोट्या प्रश्नांच्या लिहून ठेवलेल्या उत्तरांवरून काढायच्या या तऱ्हेला ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रँड या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड बेलमन यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की संरक्षण खात्याच्या वरिष्ठांना ‘संशोधन’ आणि ‘गणित’ या शब्दांचं वावडं होतं, म्हणून कुणाला हरकत घेता येणार नाही असं नाव त्यांनी शोधलं.

कोड जॅमच्या कोड्यात ५०० चिन्हं आणि १९ गठ्ठे. प्रत्येक चिन्हाला फार तर १९ गठ्ठे चाळायचे, म्हणजे एकूण ९,५०० वेळा बघायचं आणि गरज पडली तिथे एक बेरीज करायची. एकावर चौतीस शून्यांच्या जागी साडेनऊ हजार! पायथॉनमध्ये सगळा मामला सात ओळींत बसतो:

```python
def count(text, target):
    ways = [1] + [0] * len(target)
    for ch in text:
        for j in range(len(target), 0, -1):
            if target[j-1] == ch:
                ways[j] = (ways[j] + ways[j-1]) % 10000
    return ways[-1]
```

दुसऱ्या ओळीतला पहिला `1` म्हणजे आपला कोरा कागद. तिथे चुकून शून्य लिहिलं तर प्रत काढायला काहीच उरत नाही आणि कुठलाही मजकूर दिला तरी उत्तर शून्य येतं. ही चूक लगेच कळते. खरी फसवी चूक आहे चौथ्या ओळीत, जिथे गठ्ठे शेवटाकडून सुरुवातीकडे चाळले आहेत.

ते उलटं का, हे ‘कमल’वरून कळणार नाही, कारण त्यात एकही अक्षर दोनदा येत नाही. ‘ममता’ घ्या. म, म, ता हे तीन तुकडे, आणि मजकूर आहे म, म, म, ता. तीन ‘म’मधून दोन निवडायचे, म्हणजे उत्तर तीन. पण गठ्ठे पुढून मागे चाळले तर पहिल्याच ‘म’ला ‘म’चा गठ्ठा एक होतो, आणि लगेच त्याच ‘म’साठी ‘मम’च्या गठ्ठ्याकडे पाहिलं की आत्ताच टाकलेल्या कागदाचीही प्रत निघते. एकच ‘म’ दोनदा वापरला गेला! असं करत शेवटी उत्तर सहा येतं. शेवटाकडून चाळलं की ‘मम’ला ‘म’चा गठ्ठा या अक्षराच्या आधी होता तसाच दिसतो. अशी चूक ‘कमल’सारख्या चाचणीतून साळसूदपणे निसटते, म्हणून प्रोग्रॅम तपासताना लागोपाठ तेच अक्षर असलेला एक शब्द तरी द्यावाच. छोट्या मजकुरावर पेन्सिलीने काढलेल्या उत्तराशी ताळा पाहणं तर सगळ्यात खात्रीचं.

आता ते `% 10000`. स्पर्धेत उत्तराचे फक्त शेवटचे चार अंक मागितले होते, आणि त्याला कारण आहे. वाक्यातलं प्रत्येक चिन्ह ओळीने सव्वीस-सव्वीस वेळा लिहिलं तर ४९४ चिन्हं होतात, आणि रीती निदान २६चा एकोणिसावा घात एवढ्या, म्हणजे २७ अंकी संख्या. बऱ्याच भाषांमधला नेहमीचा मोठ्यात मोठा पूर्णांक १९ अंकांवर संपतो. त्यापुढे गेलं की सी किंवा जावासारख्या भाषेत आकडा गपचूप गुंडाळला जाऊन भलतंच, कधीकधी ऋण उत्तर येतं, आणि प्रोग्रॅम चूक दाखवत नाही. आपण फक्त बेरजा करतोय, आणि बेरजेचे शेवटचे चार अंक हे मिळवलेल्या संख्यांच्या शेवटच्या चार अंकांवरूनच ठरतात. म्हणून दर पायरीला पुढचे अंक कापले तरी चालतं. मात्र किंमत मोजावी लागते: `0000` हे उत्तर पाहून ‘एकही रीत नाही’ की ‘बरोबर दहा हजार रीती आहेत’ ते सांगता येत नाही.

स्पर्धकांना दिलेल्या नमुन्यांत `welcome to codejam` या मजकुराचं उत्तर `0000` होतं, आणि ते खरंखुरं शून्य आहे. अक्षरं सगळी आहेत, पण लागतात तीन मोकळ्या जागा आणि आहेत दोनच. दुसरा नमुना मला जास्त आवडतो: `wweellccoommee to code qps jam`, उत्तर `0256`. सात अक्षरं दुहेरी, म्हणून २चा सातवा घात, १२८. मग २५६ कुठून आले? `qps`च्या दोन्ही बाजूंना एकेक मोकळी जागा आहे, आणि `code`नंतरची जागा म्हणून त्यातली कुठलीही चालते. डोळ्याला न दिसणाऱ्या एका चिन्हाने उत्तर दुप्पट केलं.

मराठीत असाच प्रकार मात्रांमुळे होतो. वर ‘ममता’ सांगताना ‘ता’ मी एक तुकडा धरला, पण पायथॉन तसं धरत नाही. संगणकाच्या साठवणीत ‘ता’ म्हणजे त आणि काना अशी दोन वेगळी चिन्हं असतात, आणि वरचा प्रोग्रॅम चिन्हागणिक चालतो. ‘मत का’ एवढ्या मजकुरात ‘मा’ शोधायला सांगा. तो ‘मत’मधला म घेईल, ‘का’चा काना घेईल आणि एक रीत सापडल्याचं सांगेल. मजकुरात ‘मा’ कुठेच नाही.

‘मामामा’मध्ये ‘मामा’ किती वेळा? अक्षरं धरली तर तीनातून दोन, म्हणजे तीन. वरचा प्रोग्रॅम आहे तसा चालवला तर तो पाच सांगतो. जास्तीच्या दोन रीतींत एका ‘मा’चा म आणि दुसऱ्या ‘मा’चा काना एकत्र आलेले असतात. दोष बेरजेत नाही. मजकूर आत सोडण्याआधी काना-मात्रा आपापल्या अक्षराला चिकटवून तुकड्यांची यादी करायची आणि ती यादी `text`च्या जागी द्यायची, शोधायच्या शब्दाचंही तसंच. सात ओळींतली एकही बदलावी लागत नाही, आणि उत्तर तीन येतं.