‘असावा’ आणि ‘आहे’ यांतले अंतर

इंग्रजी प्रबंधातील पूर्वसाहित्याचा आढावा मराठीत आणताना क्रियापदे जपावी लागतात. समजा, मूळ विधानाचा आशय असा आहे: बचतगटांमुळे घरात स्त्रियांचा शब्द वाढत असावा, असे काही अभ्यास सुचवतात, मात्र ते एकाच जिल्ह्यातले आहेत. अनुवादात ‘स्त्रियांचा शब्द वाढतो, हे अभ्यासांनी सिद्ध केले आहे’ असे उतरले, की संशोधिकेची शंका पुसली जाते. मग तिने नवा अभ्यास का हाती घेतला, हेच वाचकाला कळत नाही.

लांबलचक वाक्य तोडायला हरकत नाही. पण ‘मात्र’ दुसऱ्या तुकड्याच्या आरंभी टिकायला हवे, आणि मत आधीच्या अभ्यासकांचे की संशोधिकेचे, हे प्रत्येक तुकड्यात स्पष्ट दिसायला हवे.