चिकित्सा मार्गदर्शिकेचे चिकित्सक मूल्यमापन

एखादी चिकित्सा मार्गदर्शिका कोणत्या पद्धतीने तयार झाली, याची परीक्षा म्हणजे तिचे चिकित्सक मूल्यमापन होय. पुराव्याधारित परिचर्येच्या स्वाध्यायात त्यासाठी 'ॲग्री-२' हे साधन वापरले जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या साधनात सहा विभाग व २३ प्रश्न असून प्रत्येक प्रश्नास १ ते ७ गुण असतात. किमान दोन, शक्यतो चार परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात.

==== गुणगणना ====
पुराव्यांचा शोध, निवड व शिफारशींशी असलेला त्यांचा संबंध तपासणाऱ्या विभागात आठ प्रश्न आहेत. चार परीक्षकांचे मिळून कमाल गुण २२४, तर किमान ३२ होतात. एकूण १२८ गुण मिळाल्यास त्यांतून ३२ वजा करून उरलेल्या ९६ ला १९२ ने भागतात. उत्तर ५० टक्के येते. किमान गुण वजा न केल्यास ते चुकून ५७ टक्के येते.

==== मर्यादा ====
सहा विभागांची बेरीज करीत नाहीत, कारण एका विभागातील उणीव दुसऱ्यातील गुणांनी झाकली जाते. २००४ सालच्या जंतुदोषविषयक (सेप्सिस) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अतिगंभीर रुग्णांसाठी ड्रोट्रेकोजिन अल्फा हे औषध सुचविले होते. औषधाची उत्पादक एली लिली कंपनी त्या मोहिमेस अर्थसाहाय्य करीत होती. त्यावर २००६ मध्ये जाहीर टीका झाली. नव्या चाचणीत मृत्यू घटल्याचे न दिसल्याने २०११ मध्ये औषध बाजारातून मागे घेण्यात आले. संपादकीय स्वातंत्र्याचे दोन प्रश्न म्हणूनच स्वतंत्रपणे वाचावे लागतात.