मनगटावर काय वाजावे आणि काय वाजू नये

अक्कलकोटच्या एका निवृत्त गुरुजींची तक्रार होती, "डॉक्टर, छातीत धडधडतं आणि झोप लागत नाही." ईसीजी काढला, रक्ताच्या तपासण्या केल्या, सगळे ठीक निघाले. बोलता बोलता त्यांच्या मनगटावरचा बँड तीनदा थरथरला आणि प्रत्येक वेळी गुरुजी दचकले. मुलाने पुण्याहून आणून दिलेला तो फिटनेस बँड व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक निरोप त्यांच्या मनगटावर पोहोचवत होता. भजनी मंडळ, माजी विद्यार्थी, भावकी असे गट होते, आणि 'शुभ सकाळ' पहाटे साडेचारपासून सुरू व्हायची. उलट मुलाचा फोन आला तर बँड गप्प राहायचा.

या दोन्ही गोष्टींचे मूळ बँड फोनला जोडताना झालेल्या घाईत होते. मुलाने तो आधी स्वतःच्या फोनला जोडून पाहिला होता. बहुतेक बँड एका वेळी एकाच फोनचे असतात. म्हणून आधी मुलाच्या ॲपमधून तो काढावा लागला, मग गुरुजींच्या फोनवर जोडला. जोडताना फोनच्या ब्लूटूथच्या यादीत बँड शोधू नये. खोक्यावरच्या क्यूआर कोडने कंपनीचे ॲप घ्यावे, त्यातूनच नवे उपकरण जोडावे आणि बँडवर विचारले की होकार द्यावा.

यानंतर ॲप एकेक परवानगी मागते आणि बरेच जण इथेच घाबरून 'नको' दाबतात. फोन आणि संपर्क यांची परवानगी नसेल तर कोणाचा फोन आहे ते बँडला कळत नाही. निरोप दिसण्यासाठी ‘Notification access’ ही परवानगी वेगळी द्यावी लागते. तिसरी अडचण सहज लक्षात येत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप बंद करतो, त्यात बँडचे ॲपही झोपते. गुरुजींचा बँड सकाळी नीट चाले आणि दुपारी मुका होई, तो यामुळेच. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘Unrestricted’ निवडले आणि ती कटकट थांबली. तपासायची रीत सोपी आहे. फोनचा पडदा बंद ठेवून तासाभराने घरातल्या कोणाला तरी फोन करायला सांगावे.

आता निवड. आम्ही गुरुजींच्या ॲपमधली यादी उघडली आणि सगळे बंद करून फक्त साधे फोन चालू ठेवले. व्हॉट्सॲप पूर्ण बंद केले, कारण गट म्यूट केला तरी काही बँड थरथरतातच. मात्र त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा कॉलही बँडवर येत नाही, म्हणून तातडीचे काम असेल तर साधा फोन करायचा, असे मुलाला सांगितले. रक्तदाबाच्या गोळीसाठी सकाळी आठचा गजर बँडमध्येच लावला. तो फोन दुसऱ्या खोलीत असला तरी वाजतो. रात्री दहा ते सहा 'व्यत्यय नको' ही सोय लावली. त्या वेळेत काही बँड फोन आल्याचेही कळवत नाहीत, म्हणून फोनची रिंग मात्र चालू ठेवली.

राहिला नाडीचा इशारा. गुरुजींनी मर्यादा १०० ठेवली होती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, ताप आला किंवा नुसती काळजी वाटली तरी बसल्या जागी नाडी शंभरापुढे जाते. मग बँड वाजतो, माणूस घाबरतो आणि नाडी आणखी वाढते. आम्ही मर्यादा १२० केली. ॲपल वॉचमध्येही सुरुवातीला तीच असते आणि माणूस दहा मिनिटे स्वस्थ असतानाची नाडी त्यात धरतात. इशारा आला तर पट्टा घट्ट करावा, पाच मिनिटे शांत बसावे आणि मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. बोटांनाही १२०च्या वर किंवा अनियमित लागली तर त्याच दिवशी दाखवावे. सोबत चक्कर, दम किंवा छातीत दुखणे असेल तर मोजत बसू नये, लगेच १०८ला फोन करावा.

पण बँड गप्प आहे म्हणजे हृदय ठीक आहे, असे समजू नका. हृदयविकाराचा झटका असा बँड ओळखत नाही. झटक्यात नाडी अगदी नेहमीसारखी असू शकते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांची नाडी तर औषधानेच कमी राहते, त्यांचा इशारा वाजेलच असे नाही. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणवली तर मनगटाकडे न पाहता दवाखाना गाठावा.

तीन आठवड्यांनी गुरुजी पुन्हा आले. झोप लागत होती, धडधड थांबली होती. आता बँड दिवसातून चार-पाच वेळाच थरथरतो. "वाजला की आता खरंच बघतो मी," ते म्हणाले.