एक की नऊ?

गावच्या दूध संस्थेचं जुनं रजिस्टर संगणकावर घ्यायचं, तर आज मोबाइलने पानाचा फोटो काढून त्यातून तक्ता उचलता येतो. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर, रक्कम अशा रकाने आखलेल्या पानाचा फोटो संगणक आधी सरळ करतो, रेघा शोधून चौकटी वेगळ्या करतो आणि मग प्रत्येक चौकटीतला आकडा वाचतो. फोटो वरून, सरळ आणि सावली न पडता काढावा. शिवणीजवळ पान वाकतं, तिथे रेघही वाकते आणि एका ओळीचा आकडा खालच्या ओळीत जाऊन बसू शकतो.

खरी अडचण हस्ताक्षराची. घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखेच दिसतात. त्यात एका कारकुनाने देवनागरी आणि दुसऱ्याने इंग्रजी आकडे लिहिले असतील, तर देवनागरी १ इंग्रजी 9 म्हणून वाचला जातो. दशांशचिन्हाचा ठिपका पुसट असला की ९.५ चे ९५ होतात.

प्रत्येक आकड्याबरोबर संगणक आपली खात्री किती, हेही सांगतो. कमी खात्रीच्या चौकटी पिवळ्या कराव्यात. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण चुकीचा आकडाही तो पूर्ण खात्रीने वाचू शकतो. अशा वेळी रजिस्टरातलं गणितच कामाला येतं.

समजा, एका ओळीत लिटर १.५, दर ३४ रुपये आणि रक्कम ३२३ रुपये वाचली गेली. १.५ ला ३४ ने गुणलं तर ५१ येतात, ९.५ ला गुणलं तर बरोबर ३२३. म्हणजे लिटरचा १ हा बहुधा ९ आहे. पानाखालची बेरीजही हेच सांगते: वाचलेल्या लिटरची बेरीज लिहिलेल्या बेरजेपेक्षा ८ ने कमी भरली, तर एककाच्या जागी ९ चा १ झाला असण्याची शक्यता पहिली. तरीही संगणकाने आकडा परस्पर बदलू नये. ती चूक लिहिणाऱ्याचीही असू शकते आणि नक्कल मूळ पानाशी जुळली पाहिजे. चौकटीवर खूण करावी, शेजारी त्या आकड्याचं कापलेलं चित्र ठेवावं. तपासणाऱ्याने आधी चित्र पाहून आकडा लिहावा, संगणकाचा अंदाज नंतर बघावा. नाहीतर समोरचा आकडाच त्याला चित्रात दिसू लागतो.

फॅट दरपत्रकाशी ताडून पाहता येतं. सभासद क्रमांकाला मात्र गणिताचा आधार नाही. ३१ चा ३९ झाला आणि दोन्ही नंबरचे सभासद यादीत असले, तर गुणाकार जुळतो, बेरीज जुळते आणि एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर चढतं. म्हणून क्रमांकाचा रकाना, संगणकाची खात्री कितीही असो, माणसाने मूळ पानाशी ओळीने ताडूनच पुढे पाठवावा.