वर्गशिक्षिकेला पाठवायचा मेसेज: सिकलसेल आणि वारंवारची गैरहजेरी

‘आज तब्येत बरी नाही, येणार नाही.’ महिन्यात तीनदा असा मेसेज आला, तर बाईंना त्यातून काहीच उलगडत नाही. सुरगाणा, पेठकडून नाशकात येऊन राहिलेल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्यात कळा येतात आणि जातात, मध्यंतरी मूल हसतं-खेळतं असतं. त्यामुळे गैरहजेरी म्हणजे टाळाटाळ, असा समज चटकन होतो.

आधी रिपोर्ट वाचा

रक्ततपासणीच्या रिपोर्टवर ‘एसएस’ असेल तर मुलाला आजार आहे. ‘एएस’ म्हणजे मूल वाहक. वाहकाला सहसा अशा कळा येत नाहीत, तेव्हा दुखण्याचं दुसरं कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावं. तपासणी झालीच नसेल, तर मेसेजमध्ये फक्त लक्षणं लिहावीत, आजाराचं नाव अंदाजाने लिहू नये.

मेसेज असा लिहिता येईल

‘नमस्कार मॅडम. मी सहावी ब, हजेरी क्रमांक 14 ची आई. डिसेंबरपासून ती तीन वेळा मिळून नऊ दिवस घरी होती. हातापायांत खूप कळा येत होत्या. रक्ततपासणीत सिकलसेल आजार निघाला, औषधं चालू आहेत. हा आजार दुसऱ्याला लागत नाही. तिला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला जाताना अडवू नये, गारठ्यात स्वेटर काढायला लावू नये. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच फोन करावा. बुडालेल्या अभ्यासाबद्दल शनिवारी भेटायला येऊ का? डॉक्टरांची चिठ्ठी आणते. वर्गात हे कृपया सांगू नये.’

या मागण्या कशासाठी?

शरीरातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि कळा सुरू होतात. या मुलांची मूत्रपिंडं पाणी नीट धरून ठेवत नाहीत, म्हणून लघवीला वारंवार जावं लागतं आणि तहानही जास्त लागते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलाला हे फार जाणवतं.

तापाची गोष्ट सर्वांत गंभीर. जंतूंशी लढणारी प्लीहा या आजारात लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. गोळी देऊन शाळा सुटेपर्यंत वाट पाहणं इथे चालत नाही. म्हणून मेसेजमध्ये फोन नंबर दोन द्यावेत, एक शेजारच्या माणसाचा.

ग्रुपवर नको

हा मेसेज वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. बाईंच्या नंबरावर पाठवावा आणि त्याचीच एक प्रत मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं असेल तर परीक्षेतल्या सवलतींसाठी तेही जोडावं.

जूनमध्ये वर्ग बदलला, की नव्या बाईंना हाच मेसेज पहिल्याच आठवड्यात पुन्हा पाठवा.